खोली सामायिक, रेशन हक्काचे

प्रश्न : आठवड्यापूर्वी जिंतूरहून आम्ही तिघे भोसरीत आलो. दुसऱ्या एका कुटुंबासोबत एकाच खोलीत राहतो. मालक भाडेकरार देत नाही. गावचे रेशनकार्ड रद्द करून इथले काढावे का? सासू-सासरे त्याच कार्डावर गावी आहेत.
– एक भगिनी, भोसरी

उत्तर : ताई, कार्ड अजिबात रद्द करू नका. धान्य उचलायला भाडेकरार किंवा इथला पत्ता लागत नाही. जवळच्या कोणत्याही रेशन दुकानात कार्डाचा बारा अंकी क्रमांक किंवा आधार सांगा आणि मशीनवर अंगठा द्या. कार्ड प्राधान्य कुटुंबाचे असेल, तर माणशी पाच किलोप्रमाणे पाच जणांचे पंचवीस किलो मोफत मिळते. तुम्ही इथे पंधरा किलोच उचला. उरलेले दहा किलो त्याच महिन्यात सासू-सासऱ्यांना गावी मिळेल. सगळे इथेच घेतलेत, तर त्यांच्या वाट्याचे संपेल, एवढे जपा.

आधार जोडणी व ई-केवायसी मात्र पाचही जणांची हवी. कष्टाच्या हातांचे ठसे कधीकधी उमटत नाहीत. तेव्हा दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो. घेतलेल्या धान्याची पावती मागाच. दुकानदाराने बाहेरगावचे कार्ड म्हणून परत पाठवले, तर 14445 वर तक्रार करा.