एक कप म्हणजे किती ग्रॅम?

गतवर्षी वसतिगृहातील मुलींनी एका अमेरिकन पाककृतीवरून केक करण्याचे ठरविले. दीड कप मैदा, एक कप साखर आणि अर्धा कप बटर असे तिचे प्रमाण होते. केक वर तडकला आणि आत कोरडा राहिला. चूक भट्टीची नसून मापाची होती.

अमेरिकेत कपाने मोजण्याची रीत जुनी आहे. फॅनी फार्मर यांनी 1896 साली बोस्टन येथील आपल्या पाकपुस्तकात सपाट मापाचा आग्रह धरला. हा कप सुमारे 240 मिलिलिटरचा असतो. आपला चहाचा कप त्याहून बराच लहान असतो. तथापि कप जागा मोजतो, वजन नव्हे. त्यात मैदा सुमारे 120 ग्रॅम, साखर 200 ग्रॅम आणि बटर 227 ग्रॅम मावते.

येथे एक कोडे आहे. साखरेचा कण पाण्यात बुडतो, बटर तरंगते. तरी कपभर बटर साखरेहून जड कसे? याचे उत्तर हवेत आहे. साखरेच्या कणांमध्ये पोकळ्या राहतात आणि कपातील जवळजवळ निम्मी जागा त्या व्यापतात. मैद्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून फुललेले राहतात, म्हणून त्यात हवा आणखी अधिक. बटर दाबून भरले की पोकळी उरतच नाही. पिठीसाखर दळल्यावर मैद्यासारखीच फुलते. तिचा कप सुमारे 120 ग्रॅमचा होतो.

साखरेचे कण फारसे दबत नाहीत, मैदा मात्र दबतो. मुलींनी कप थेट पिंपात खुपसला होता. तसा भरला तर कपात 150 ग्रॅमपर्यंत मैदा जातो. म्हणजे 180 ग्रॅमऐवजी 225 ग्रॅम. पीठ घट्ट होऊन चमच्याला धरून राहिले, तेव्हाच हे ओळखता आले असते. मापाची ही खोड आमच्या आजोबांना चांगली ठाऊक होती. मजुरीची ज्वारी मिळे ती सैल ओतलेल्या पायलीने, आणि उसनी फेडताना तीच पायली हलवून, ठोकून, वर शीग लावून भरून घेतली जाई.

मैदा आधी सैल करावा, चमच्याने कपात टाकावा आणि सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट करावा. कप आपटू नये. घरी तराजू असल्यास पाककृतीतील दीड कप मैद्याचे 180, कपभर साखरेचे 200 आणि अर्धा कप बटरचे 113 ग्रॅम सरळ तोलून घ्यावे.

घरातील एखादा पेलाच कायमचे माप म्हणून वापरायचा असेल, तर तो रिकामा तोलावा, मग काठोकाठ पाणी भरून पुन्हा तोलावा. वजनातील फरक जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर त्या पेल्यात मावतात. त्याच्या निम्मे मैद्याचे वजन धरावे, साखरेसाठी 0.85 ने आणि बटरसाठी 0.95 ने गुणावे. 200 मिलिलिटरच्या पेल्यात मैदा 100, साखर 170 आणि बटर 190 ग्रॅम येईल. घरच्या लोण्यात ताकाचे पाणी राहते, त्यामुळे तेवढ्याच वजनात स्निग्धांश कमी भरतो. ते आधी नीट धुऊन, पिळून घ्यावे.