कापूर, बाम आणि दोन वर्षांखालचं बाळ

माझ्या भाचीच्या मुलाला आकडी आली तेव्हा तो नऊ महिन्यांचा होता. सर्दी झालेली, अंग किंचित कोमट, त्यामुळे रिक्षातून जाताना आम्ही सगळ्यांनी ताप डोक्यात गेला असंच धरलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आकडी थांबवण्याचं औषध दिलं, ऑक्सिजन लावला आणि मग बाळाच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला. वळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “याच्या पोटात कापूर गेलाय का?”

गेला होता. भाचीच्या सासूबाईंनी दुपारी वाटीत खोबरेल कोमट करून त्यात देवघरातल्या कापराच्या चार वड्या विरघळवल्या होत्या. छातीला, पाठीला, तळपायांना ते तेल चोळायचं, म्हणजे कफ सुटतो, असं त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मालीश झाल्यावर वाटी पाटाशेजारी राहिली. त्या दुपटं आणायला उठल्या आणि बाळानं वाटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली. किती तेल पोटात गेलं आणि किती अंगावर सांडलं, कुणालाच सांगता येईना. तोंड पुसलं, थोडं पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत तो किरकिर करू लागला, एकदा ओकला, आणि लगेच त्याचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले.

डॉक्टरांनी कापराचा डबा घरून मागवला आणि एक वडी शेजारच्या औषधाच्या दुकानात तोलून आणायला सांगितली. ती पाऊण ग्रॅमच्या आसपास भरली. मग त्यांनी केसपेपरच्या मागे आमच्यासमोर हिशेब मांडला. चार वड्या म्हणजे तीन ग्रॅम, आणि वाटीत तेल साधारण तीस मिलिलिटर. म्हणजे एका मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम कापूर, आणि एका चहाच्या चमच्यात, पाच मिलिलिटरमध्ये, पाचशे मिलिग्रॅम. बाळाचं वजन आठ किलो. दर किलोमागे तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त कापूर पोटात गेला असेल, तर मूल वरवर ठीक दिसत असलं तरी रुग्णालयात न्यायचं. पन्नासच्या आसपास आकडीचा धोका खरा होतो. आमच्या बाळासाठी एक चमचा तेल म्हणजे किलोमागे साठाच्या वर. तेवढं चमचाभरच पुरेसं होतं. एक ग्रॅमच्या आसपास कापूर पोटात गेल्यानं लहान मुलं दगावल्याच्याही नोंदी वैद्यकात आहेत.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत पूर्वी वीस टक्के कापूर असलेलं तेल सर्रास विकलं जायचं. एरंडेल समजून लोक ते मुलांना पाजत आणि विषबाधा होई. 1982 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं ते तेल बंद केलं, आणि चोळण्याच्या औषधांत कापूर अकरा टक्क्यांच्या वर असता कामा नये असं ठरवलं. आमच्या वाटीतलं तेल दहा टक्क्यांचं होतं. ना कुणी मोजलेलं, ना बाटलीवर वयाची सूचना, ना घट्ट झाकण.

त्या वॉर्डातल्या रात्री माझ्या मनात एकच प्रश्न फिरत होता : ते प्यायला म्हणून झालं, नुसतं चोळलं असतं तर चाललं असतं का? डॉक्टरांचं उत्तर स्पष्ट होतं, दोन वर्षांच्या आत नाही. कापूर तेलात आणि चरबीत चटकन विरघळतो, त्यामुळे तो त्वचेतून, नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरातून आणि श्वासातूनही शरीरात शिरतो. वजनाच्या मानानं बाळाच्या अंगाचा पृष्ठभाग मोठ्या माणसापेक्षा खूप जास्त असतो आणि त्वचा पातळ असते. छाती, पाठ आणि तळपाय एवढ्या भागावर दिवसातून दोन-तीनदा चोळून वर कपड्यांत घट्ट गुंडाळलं, की आत जाणारं प्रमाण वाढतं. कापूर मोडून रक्ताबाहेर टाकण्याचं यकृताचं कामही त्या वयात पुरतं सुरू झालेलं नसतं. पोटात गेल्यापेक्षा चोळल्यानं धोका कमी, हे खरं. पण निव्वळ चोळल्यानं आणि वारंवार हुंगवल्यानं आकडी आलेल्या मुलांच्या नोंदी आहेत. लहान डबीतल्या मलमांत कापूर सहसा पाच टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे चमचाभर मलमात अडीचशे मिलिग्रॅम. रांगतं मूल डबी उघडून बोटानं चाटू लागलं, तर आठ किलोच्या मुलाला तेवढ्यानंच रुग्णालयाची वेळ येते. अशा डब्यांवर दोन वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये अशी सूचना छापलेली असते, पण अक्षर इतकं बारीक की चष्मा लावूनही शोधावं लागतं. युरोपातल्या काही देशांत तर तीस महिन्यांच्या आत कापूर देऊ नये असा दंडक आहे.

मेंथॉलचा धोका वेगळा आहे, आणि माझ्या मते तो घरोघरी जास्त संभवतो, कारण मलम नाकाखाली लावायची सवय सगळ्यांनाच आहे. मेंथॉल नाक मोकळं करत नाही. ते नाकातल्या थंडावा जाणवणाऱ्या तंतूंना चेतवतं, त्यामुळे हवा आत जातेय असं वाटतं. मोजून पाहिलं तर हवेचा मार्ग होता तेवढाच अरुंद असतो. मोठ्या माणसाला त्यानं निदान बरं वाटतं. तान्ह्या बाळाला मात्र नाकाशी आलेल्या त्या तीव्र वाफेनं घशाचा वरचा भाग आखडू शकतो, श्वास थांबू शकतो. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानंच श्वास घेतं, आणि त्याची श्वासनळी पेन्सिलीपेक्षाही बारीक असते. चिडलेल्या अस्तरातून जास्त चिकट स्राव सुटला, की ती आणखी अरुंद होते. अमेरिकेतल्या एका दीड वर्षाच्या मुलीला नाकाखाली असं मलम लावल्यावर श्वास घेणं अवघड झालं होतं. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नंतर प्राण्यांवर प्रयोग केले, तेव्हा मलमानं श्वासनळीतला चिकट स्राव वाढतो असं त्यांना आढळलं. 2009 मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणून दोन वर्षांच्या वरच्या मुलालाही ते फक्त छातीवर किंवा पाठीवर लावायचं. नाकाखाली, ओठांजवळ, डोळ्यांजवळ किंवा खरचटलेल्या जागी कधीच नाही. वाफेच्या पाण्यात ते घालू नये आणि गरमही करू नये.

आपल्याकडची खरी अडचण अशी की कापूर आणि मेंथॉल निरनिराळ्या नावांनी घरात असतात. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर कर्पूर, पुदिन्याचं सत्त्व, ओव्याचं सत्त्व, निलगिरी तेल असं लिहिलेलं असतं, आणि वनस्पतीचं नाव दिसलं की बाळाला चालेल असं वाटतं. अमृतधारा तर कापूर, पुदिन्याचं सत्त्व आणि ओव्याचं सत्त्व समभाग मिसळून केलेली असते. तीत तिसरा हिस्सा कापूरच. चमचाभर मलमात जेवढा कापूर असतो, त्याहून अधिक तिच्या एका मिलिलिटरमध्ये असतो. पोट दुखतं म्हणून बेंबीला लावायला काढलेली ती छोटी बाटली बाळाच्या हाताशी ठेवणं फार घातक आहे. रुमालावर फोडायच्या वाफेच्या कॅप्सूलमध्येही हीच द्रव्यं असतात, आणि रंगामुळे त्या मुलांना गोळीसारख्या दिसतात. गळ्यात किंवा पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधायची पद्धत अजून आहे. बाळ ती चोखतं, शिवाय दोरा गळ्याभोवती आवळण्याचं भय वेगळंच. कापूर आरतीच्या ताटाजवळ असतो, आणि पांढरी वडी मुलाला खडीसाखरेसारखी वाटते. आता आमच्या घरात तो कुलपाच्या कपाटात असतो, आरतीपुरता बाहेर निघतो.

मुलाच्या पोटात कापूर, मलम किंवा अमृतधारा गेल्याची शंका आली, तर ओकवायचा प्रयत्न करू नका. कापरानं येणारी आकडी पाच-दहा मिनिटांतही येते, कधी दीड तासानं, आणि बऱ्याचदा काही पूर्वसूचना न देता. ओकारी चालू असताना आकडी आली, तर ते सगळं फुफ्फुसात जातं. दूध, तूप, तेल पाजू नका. स्निग्ध पदार्थात कापूर विरघळून लवकर शोषला जातो. बोटानं तोंड पुसून घ्या, अंगाला लागलेलं साबणानं धुऊन काढा, आणि डबी किंवा वडी बरोबर घेऊन निघा. आकडी आलीच, तर मुलाला एका कुशीवर ठेवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, घड्याळ पाहा, 108 ला फोन करा. कापरावर उतारा असं वेगळं औषध नाही. आकडी थांबवणं आणि श्वास सांभाळणं हाच उपचार, आणि तो वेळेत मिळाला तर मूल सहसा पूर्ण बरं होतं. आमचं बाळ दुसऱ्या दिवशी भाचीच्या अंगावर पिऊ लागलं.

मग सर्दीसाठी करायचं काय, हे सासूबाईंनीच डिस्चार्जच्या वेळी विचारलं. डॉक्टरांनी साधं सलाइनचं नाकाचं औषध लिहून दिलं. दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब टाकायचे, मिनिटभर थांबायचं, आणि वाहून आलेलं मऊ कापडानं टिपायचं. थोडं थोडं, पण वारंवार पाजायचं. मालीश हवीच असेल तर नुसतं खोबरेल. आणि रोज मूल शांत झोपलं असताना पोटाची हालचाल पाहत पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त भरले, तर डॉक्टरांना दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल प्यायचं थांबलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर श्वास मोजत बसायचं नाही. लगेच निघायचं.