नाव माहीत नसलेल्या आजारी रोपासाठी सल्ला : आधी कुंडीतील वाफसा तपासावा

“घरातील कुंडीतले रोप मरत आहे, पाने पिवळी पडून गळत आहेत, काय करावे?” एवढाच मजकूर असलेली विचारणा विस्तार कार्यकर्त्यांना नवी नाही. रोपाचे नाव नाही, छायाचित्र नाही, विचारणारा जोधपूरचा आहे की कोलकात्याचा हे कळत नाही आणि पाणी किती व केव्हा दिले जाते याचा उल्लेखही नसतो. अशा वेळी सवयीने एखादे खत, बुरशीनाशक किंवा ‘दोन दिवसांआड पाणी’ असा ठरावीक उपाय सुचवला जातो. पिवळी पाने आणि मलूल रोप ही लक्षणे परस्परविरुद्ध कारणांनी उद्भवतात. त्यामुळे एका कुंडीस वाचवणारा उपाय दुसऱ्या कुंडीस मारक ठरू शकतो. म्हणून पहिल्या उत्तरात रोपाचे नाव काहीही असले तरी अपाय न करणारा आणि खरे कारण उघड करणारा सल्ला असावा.

ओल्या मातीतही रोप का सुकते?

पाणी कमी पडले की रोप माना टाकते, हे सर्वांना ठाऊक असते. पाणी अधिक झाले तरी रोप तसेच माना टाकते, हे मात्र घरी कुंड्या ठेवणाऱ्या अनेकांच्या लक्षात येत नाही. शेतकऱ्यास यामागील कारण वाफसा या एका शब्दाने समजावता येते. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की त्यांतील हवा निघून जाते. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पटींनी मंद गतीने पसरतो. साहजिकच मुळांचा श्वास कोंडतो, त्यांची पाणी शोषण्याची क्षमता घटते आणि पाण्यात उभे असलेले रोप तहानलेले दिसू लागते. ते पाहून घरातील मंडळी आणखी पाणी घालतात. काही दिवसांत पिथियमसारखे मूळकुजीचे रोगकारक वाढतात आणि मुळे कुजू लागतात.

शेतापेक्षा कुंडीत हा धोका अधिक असतो. शेतात दिलेले पाणी खालच्या थरांत झिरपत जाते. कुंडीत माती तळाशीच संपते, आणि तळाला छिद्र असले तरी त्यावरील काही सेंटिमीटर माती पाणी निथळल्यानंतरही संपृक्त राहते. तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारतो, हा समज बरोबर नाही. खड्यांमुळे हा ओला थर नाहीसा होत नाही, उलट तो तेवढाच वर सरकून मुळांच्या अधिक जवळ येतो. कोकोपीटच्या कुंडीत वरचा भाग कोरडा दिसत असतानाही आत भरपूर ओल असते. म्हणून वरवर पाहून ओलीचा अंदाज बांधू नये.

पहिले उत्तर : तीन गोष्टी थांबवणे, तीन तपासण्या करणे

कारण कळेपर्यंत तीन गोष्टी थांबवण्यास सांगावे. पहिली, तपासणी होईपर्यंत पाणी देऊ नये. तपासणीस काही मिनिटेच लागत असल्याने कोरड्या कुंडीचेही त्यात नुकसान होत नाही. दुसरी, खत देऊ नये. खतातील क्षार मातीतील पाणी मुळांसाठी अधिक दुर्लभ करतात, आणि दुखावलेल्या मुळांना हा ताण सोसत नाही. तिसरी, कोणतीही फवारणी करू नये. रोप कडक उन्हात असेल तर तेवढे मात्र लगेच उजेडाच्या सावलीत हलवावे.

त्यानंतर तीन तपासण्या सांगाव्यात. बांबूची कोरडी काडी कुंडीच्या कडेजवळून तळापर्यंत खुपसून दहा मिनिटे ठेवावी आणि बाहेर काढून ती कोणत्या खोलीपर्यंत ओली झाली व तिला माती चिकटली का हे पाहावे. कुंडी लहान असल्यास उचलून पाहावी, कारण कोरडी कुंडी आकाराच्या मानाने लक्षात येण्याइतकी हलकी लागते. शेवटी कुंडीचा तळ पाहावा. छिद्र आहे का, ते मुळांनी बुजले आहे का, आणि खालच्या ताटलीत किंवा बाहेरच्या शोभेच्या कुंडीत पाणी साचले आहे का, हे पाहणे महत्त्वाचे असते.

याबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा : रोप पहाटे कसे दिसते? दुपारी मलूल होऊन रात्रीत सावरणारे रोप बहुधा उष्णतेमुळे पाणी गमावत असते. पहाटेही माना टाकलेल्या असतील तर अडचण मुळांशी आहे, मग ती कोरडेपणाची असो वा कुजीची.

तपासणीचा अर्थ

काडी तळापर्यंत कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर रोप तहानलेले आहे. पण येथेही एक फसगत होते. फार सुकलेले कोकोपीट किंवा माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून लगेच खाली वाहते आणि मुळांचा गोळा कोरडाच राहतो. छिद्रातून पाणी आले म्हणजे पाणी पोहोचले, असा घरच्यांचा समज होतो. अशी कुंडी, तिच्या उंचीच्या तिसऱ्या भागापर्यंत पाणी भरलेल्या टोपात 20 ते 30 मिनिटे ठेवावी. वरची माती ओलसर झाली की कुंडी बाहेर काढून पूर्ण निथळू द्यावी.

काडी खालच्या भागात चिंब ओली आणि कुंडी जड असेल, तर मूळकुजीचा संशय घ्यावा. कुबट वास आणि मातीवर घोंघावणारी बारीक चिलटे यांमुळे तो बळावतो. खात्रीसाठी रोप कुंडीतून अलगद काढून मुळे पाहावी लागतात. निरोगी मुळे बहुधा पांढरी किंवा फिकट आणि टणक असतात. काही वनस्पतींची मुळे मुळातच तपकिरी असल्याने केवळ रंगावर निर्णय करू नये. कुजलेले मूळ बोटांत मऊ लागते आणि ओढल्यास त्याची साल निसटून आत दोऱ्यासारखा भाग उरतो. ही खूण कोणत्याही रोपास लागू पडते.

एक नमुना प्रकरण

समजा, भोपाळमधील एका घरातून ऑगस्टमध्ये अशीच अपुरी विचारणा आली. वरील उत्तर पाठवल्यावर माहिती मिळाली, की काडीचा खालचा अर्धा भाग ओला आहे, रोप पहाटेही मलूल असते, प्लॅस्टिकची कुंडी छिद्र नसलेल्या चिनी मातीच्या कुंडीत ठेवलेली आहे आणि त्या बाहेरच्या कुंडीत दोन बोटे पाणी आहे. रोप वेलीसारखे असून पाने विड्याच्या पानासारखी आहेत. म्हणजे ते बहुधा मनीप्लांट आहे. मात्र त्याचे नाव निश्चित होण्यापूर्वीच कारण हाती लागले आहे. पावसाळी ढगाळ हवेत रोपाची पाण्याची गरज घटली, पाणी उन्हाळ्याच्या सवयीने चालू राहिले आणि निथळलेले पाणी बाहेरच्या कुंडीत अडकले.

येथे उपाय पुढील क्रमाने सांगावा. साचलेले पाणी ओतून द्यावे. रोप काढून मुळांवरील ओली माती हलक्या हाताने झाडावी व मऊ मुळे स्वच्छ कात्रीने टणक भागापर्यंत कापावीत. कात्री स्पिरिटने पुसून घ्यावी. पूर्ण पिवळी पाने काढावीत, हिरवी ठेवावीत, कारण नवी मुळे फुटण्यासाठी लागणारे अन्न तीच तयार करतात. उरलेल्या मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच रुंद अशी छिद्राची कुंडी घ्यावी. मोठ्या कुंडीतील जास्तीची माती थोडी मुळे सुकवू शकत नाहीत आणि पुन्हा ओल साचते. बागेची माती, चांगले कुजलेले कंपोस्ट आणि जाड वाळू समभाग घेऊन रोप लावावे, एकदा हलके पाणी द्यावे आणि कुंडी पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवावी.

पुढचे पाणी दिवस मोजून देऊ नये. वरची तीन-चार सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावरच ते द्यावे. हा नियम भोपाळच्या पावसाळ्यात आणि जोधपूरच्या उन्हाळ्यातही चालतो, कारण हवामानातील फरक मातीच्या सुकण्यात आपोआप उतरतो. नवे पान येईपर्यंत खत देऊ नये. मनीप्लांटच्या बाबतीत विम्याची एक सोयही आहे : पेरासह निरोगी कांडी कापून पेर पाण्यात बुडेल अशी ठेवावी. उबदार हवेत साधारणतः दोन ते तीन आठवड्यांत तिला मुळे फुटतात. मूळ रोप गेले तरी वेल हाती राहते.

सुधारणा कशी ओळखावी हेही आधीच सांगावे. पूर्ण पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत, आणि सुरुवातीला आणखी एक-दोन पाने गळू शकतात. नवी पाने पिवळी पडणे थांबणे, पहाटे रोप ताठ दिसणे आणि शेंड्याला नवे पान उलगडणे या सुधारणेच्या खुणा होत. खोडाचा तळ मऊ होऊन काळा पडू लागला, तर जुनी मुळे वाचवण्याचा आग्रह सोडून कांड्यांकडे वळावे.

सल्ल्याची मर्यादा

कुंडीत वाफसा योग्य असूनही रोप आजारी असेल, तर मुळांपेक्षा पानांकडे पाहावे. पानाच्या खालच्या बाजूस बारीक जाळी व वर फिकट ठिपके असल्यास लाल कोळी, आणि पेरांत कापसासारखे पुंजके असल्यास पिठ्या ढेकूण यांचा संशय घ्यावा. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर लोहाची उपलब्धता कमी आहे, आणि जड कूपनलिकेच्या पाण्यामुळे तसे घडू शकते. तळाचे एखादेच जुने पान अधूनमधून पिवळे होत असेल, तर तो रोगच नव्हे.

रोपाचे नाव येथून पुढे आवश्यक ठरते. कोरफडीची माती दोन पाण्यांच्या मध्ये पूर्ण सुकू द्यावी लागते, तर पीस लिलीला एवढा कोरडेपणा मानवत नाही. औषधाची निवड व मात्रा कीड ओळखल्याशिवाय सांगू नये. म्हणून दुसऱ्या संवादात तीन छायाचित्रे मागवावीत : पूर्ण रोपाचे कुंडीसह, आजारी पानाच्या दोन्ही बाजूंचे, आणि कुंडीतून काढलेल्या मुळांचे. यांपैकी शेवटचे छायाचित्र विचारणारे क्वचितच स्वतःहून पाठवतात. कुंडीतील रोपाच्या निदानास बहुतेक वेळा त्याचीच सर्वाधिक मदत होते.