तुटलं कुठे, ते आधी पाहा

थ्रीडी प्रिंटरवर काढलेला हूक किती भार पेलेल, हे ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी मी लाकडी चौकटीवर लोखंडी पट्टीची तरफ बसवली आहे. टेकूच्या एका बाजूला १० सेंटिमीटरवर नमुना, दुसऱ्या बाजूला ५० सेंटिमीटरवर बादली. बादलीतल्या एका किलोने नमुन्यावर पाच किलोंची ओढ बसते.

१. नमुना टोकांना रुंद आणि मधे बारीक हवा. माझ्या नमुन्याचा मधला भाग ५ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड, म्हणजे छेद १० चौरस मिलिमीटर. रुंद भाग बारीक होतो तिथे मोठी गोलाई ठेवावी, कारण टोकदार कोपऱ्यात ताण साचतो. नमुना मधेच तुटला तरच आकडा वहीत जातो. बोल्टच्या भोकापाशी तुटला, तर तो आकडा पकडीचा असतो, प्लास्टिकचा नसतो.

२. ओढ सरळ रेषेत हवी. घट्ट शिकंज्यात नमुना किंचित तिरका बसला तरी तो ताणताना वाकतोही, आणि एका कडेवर जास्त ताण येऊन लवकर तुटतो. म्हणून मी दोन्ही टोकांना साखळीच्या कड्या लावतो. भार आला की नमुना आपोआप रेषेत येतो.

३. भार एकसारखा वाढवावा. वजनं एकेक करून ठेवली की हिसका बसतो. त्यापेक्षा बारीक नळीने बादलीत पाणी सोडावं आणि धार प्रत्येक वेळी तीच ठेवावी. प्लास्टिक भाराखाली हळूहळू ताणलं जातं, त्यामुळे भरण्याचा वेग बदलला की आकडाही बदलतो. नमुना तुटताच नळी बंद करून पाण्यासकट बादली तोलावी.

तरफेचं स्वतःचं वजनही हिशेबात धरावं लागतं. नमुना न लावता, बादलीच्या जागी सामान तोलायचा काटा अडकवून तरफ आडवी धरली की ते थेट कळतं. माझ्याकडे ते ०.६ किलो भरलं. आडव्या छापलेल्या पीएलएच्या एका नमुन्याला बादली ८.४ किलो झाली: एकूण ९, गुणिले ५, म्हणजे ४५ किलोंची ओढ. ती सुमारे ४४१ न्यूटन. १० चौरस मिलिमीटरने भागल्यावर ४४ मेगापास्कल. त्याच रिळाचा उभा छापलेला नमुना एकूण ४ किलोंवर, म्हणजे जेमतेम २० मेगापास्कलला, दोन थरांच्या सांध्यात सुटला. तुटलेला पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत होता. थर एकमेकांना नीट चिकटले नव्हते, हे त्यावरून दिसतं.

४. बादली जमिनीपासून दोन बोटांवर ठेवा, खाली फोम घाला आणि डोळ्यांना गॉगल लावा. तुकडे उडतात.

या तरफेवर काही मिनिटांची ताकद कळते. महिनोन्‌महिने टांगलेल्या भाराखाली पीएलए यापेक्षा बऱ्याच कमी वजनावर वाकतं. म्हणून भिंतीवरचा हूक आडवा छापा, आणि इथे मिळालेल्या आकड्याच्या अगदी काठापर्यंत त्यावर वजन टांगू नका.