तीन कोटेशनं आणि एक कोरा कागद

"सगळ्यात स्वस्त कोण?" सरांनी विचारलं. आमच्या टेक-फेस्टच्या वेबसाइटसाठी तीन एजन्सींची कोटेशनं आली होती. पहिली १८,०००, दुसरी ३२,०००, तिसरी ४१,००० रुपये. कमिटीतल्या निम्म्या लोकांनी पहिलीला हात वर केलासुद्धा! मी ट्रेझरर, म्हणून दोन दिवस मागून घेतले. कारण गेल्या वर्षीची साइट अशीच स्वस्तात केली होती आणि फेस्टनंतर काही महिन्यांत तिचा पत्ताच बंद पडला. डोमेन एजन्सीच्या नावावर होतं, रिन्यूअलचे मेल त्यांच्याकडे जायचे, आणि आम्हाला कुणी कळवलंच नाही.

रात्री मेसनंतर तिन्ही कागद शेजारी ठेवून बसले. आकडे सोडून बाकीचं वाचायला लागल्यावर लक्षात आलं, की तिघांनी तीन वेगळ्या वस्तूंची किंमत सांगितली आहे. पहिलीच्या १८,००० मध्ये फक्त पाच पानं आणि एक संपर्काचा फॉर्म. खाली बारीक अक्षरांत "जीएसटी वेगळा". आमच्या इव्हेंट्सनाच बारा पानं लागतात!

मग कोटेशनं बाजूला सारली आणि कोऱ्या कागदावर आपल्याला काय हवं ते लिहिलं. बारा पानं, मराठी आणि इंग्रजी. नावनोंदणी आणि फी भरायची सोय. वेळापत्रक आपलं आपण बदलता येईल असं लॉगिन. डोमेन कॉलेजच्या नावावर. आणि खर्च तीन वर्षांचा, एका वर्षाचा नाही. हाच कागद तिघांना पाठवला आणि प्रत्येक ओळीपुढे "धरलं आहे, नाही, किंवा किती जादा" एवढंच लिहून मागितलं.

उत्तरं आल्यावर चित्र बदललं. पहिलीची जादा सात पानं प्रत्येकी ८०० प्रमाणे ५,६००, नोंदणी आणि पेमेंट ९,०००, मराठी ४,०००. झाले ३६,६००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४३,१८८. होस्टिंग "फ्री" होतं ते पहिल्याच वर्षी, पुढे डोमेनसकट वर्षाला ६,०००. तीन वर्षांचे ५५,१८८. शिवाय लॉगिन नाहीच, प्रत्येक बदलाला ५०० रुपये. आता आपलं वेळापत्रक फेस्टच्या आदल्या रात्रीपर्यंत किती वेळा बदलतं, हे हॉस्टेलवाल्यांना मी सांगायला नको.

दुसरीचे ३२,००० जीएसटीसकट ३७,७६०. डोमेन-होस्टिंग आम्हीच थेट घ्यायचं, वर्षाला साधारण ३,५००, म्हणजे तीन वर्षांत १०,५००. एकूण ४८,२६०. लॉगिन मूळ किमतीत नव्हतं, त्याचे ३,००० आणि जीएसटी ५४० वाढून ५१,८०० झाले. तिसरीच्या ४१,००० मध्ये जीएसटीसकट सगळं होतं, पण दुसऱ्या वर्षापासून ९,००० भाडं, म्हणजे ५९,०००. आणि साइट त्यांच्याच सिस्टिमवर चालणार. उद्या दुसरीकडे न्यायची म्हटली तर नवीन बांधायची.

पैशांपेक्षा मला दोन गृहीतकं जास्त महाग वाटली. एक, पहिलीचं म्हणणं होतं, "पेमेंट आमच्या खात्यात येईल, फेस्टनंतर हिशोब करून देऊ." हे मी सरळ कापलं. पेमेंट गेटवे कॉलेजच्या खात्याशी जोडायला कागदपत्रं आणि थोडे दिवस लागतात, गेटवे आपलं कमिशनही घेतो. पण मुलांची फी तिसऱ्याच्या खात्यात आणि त्या खात्यावर आपला कंट्रोल नाही, हे कसं चालेल?

दुसरं, तिघांच्याही कागदावर होतं, "मजकूर क्लायंट देईल." वाक्य किती साधं! पण आमचा मराठी मजकूर ऑफिसमध्ये जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. तसं दिसलं की समजायचं, तो युनिकोड नाही आणि साइटवरही तशीच खिचडी येणार. तिघांनीही युनिकोडच धरलं होतं. दुसरीने बदलून देण्याचे वेगळे पैसे सांगितले, तेव्हा आम्ही ते काम स्वतःकडे घेतलं. कन्व्हर्टरने बराचसा मजकूर बदलला, पण जोडाक्षरं कुठे कुठे फुटली. ती माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीने तपासली, त्यामुळे दोन रात्री गेल्या आणि रूममेटला ऱ्हस्व-दीर्घ विचारून हैराण केलं. असो.

सरांना तिन्ही बेरजा दाखवल्या. "अगं, म्हणजे मधली सगळ्यात स्वस्त?" ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, तीन वर्षं धरली तर हो. एकाच वर्षाचं काम असतं तर ४४,८०० होतात, आणि तिसरी ४१,००० मध्ये बसते."

काम दुसरीला दिलं. करारात दोन ओळी आम्ही वाढवल्या. शेवटचे ३० टक्के पैसे नोंदणीचा एक खरा रुपया कॉलेजच्या खात्यात जमा झाल्यावर, आणि डोमेनचा ईमेल कॉलेजचा, कुठल्याही विद्यार्थ्याचा नाही. ही दुसरी ओळ सरांनी सुचवली. कारण पुढच्या वर्षी मीसुद्धा इथे नसेन.