गुणक 15 म्हणजे पंधरा वर्षे नव्हेत

बीबी गावच्या एका कुटुंबाचा अपघात भरपाईचा निवाडा 2019 मध्ये माझ्याकडे आला, तेव्हा त्याचे एक इंग्रजी भाषांतर आधीच झालेले होते. मृताचा पुतण्या कॅनडात वाढलेला, मराठी बोलतो पण वाचत नाही. ते भाषांतर वाचून त्याने फोन केला, "काकू, एवढ्यावर मान्य करू नका. काकांना साठीपर्यंत बावीस वर्षे कमवायची होती, यांनी पंधराच धरली."

मूळ निवाड्यात 'गुणक 15' होते. भाषांतरकाराने 'पंधरा वर्षांचे नुकसान' लिहिले होते. गुणक वयावरून ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा निकालात त्याचा तक्ता दिला. 36 ते 40 वयाला 15. पैसे एकरकमी हाती येतात, त्यांवर व्याज मिळते, शिवाय आयुष्याचा भरवसा नसतो, म्हणून उरलेल्या वर्षांपेक्षा हा आकडा कमी असतो. 'गुणक' असेच लिहावे आणि खुलासा तळटीपेत द्यावा.

काकांचे वय 38, स्वतःचे दुकान, महिना 12,000 उत्पन्न धरलेले. भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के मिळवून 16,800. पत्नी, दोन मुले आणि आई असे चार आश्रित, म्हणून स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: 12,600. वर्षाचे 1,51,200, गुणिले 15, म्हणजे 22,68,000. सहवास गमावल्याबद्दल चौघांना प्रत्येकी 40,000, मालमत्तेची हानी व अंत्यविधीचे 30,000, एकूण 24,58,000. पहिल्या भाषांतरात ही वजाबाकीची पायरी एका वाक्यात गुंडाळली होती, त्यामुळे पुतण्याचा हिशेब जुळेना. मी प्रत्येक पायरी स्वतंत्र ओळीत ठेवली. स्वल्पविरामांचाही घोळ होतो: आपले 24,58,000 तिकडे 2,458,000 असे लिहितात, म्हणून दोन्ही रूपे दिली. डॉलरमध्ये मात्र रूपांतर केले नाही. दर रोज बदलतो, निवाडा बदलत नाही.

व्याजावर तर भांडणच व्हायचे होते. आदेशात अर्जाच्या तारखेपासून द.सा.द.शे. 7.5 टक्के सरळ व्याज होते. 'सरळ' शब्द पहिल्या भाषांतरात गळला, आणि पुतण्याने चक्रवाढ लावले. चार वर्षांत सुमारे 87 हजारांचा फरक दिसला, म्हणून त्याला वाटले, विमा कंपनीने कापले. सरळ व्याज 7,37,400 होते.

अपिलाची मुदत निवाड्यापासून 90 दिवस. नागपूर खंडपीठात जायचे की नाही, हे अशा चुकीच्या आकड्यांवर ठरत होते. म्हणून भाषांतर हाती आले की कॅल्क्युलेटर घेऊन मूळ निवाड्याच्या आकड्यांपर्यंत पोहोचता येते का ते पाहा. मूळ निवाड्यातच बेरीज चुकलेली आढळली तर भाषांतरकाराने ती दुरुस्त करू नये. आहे तशी उतरवून टीप द्यावी, दुरुस्ती न्यायाधिकरणाकडे अर्ज करून होते.

आणि व्याजाच्या आदेशातले 'रक्कम जमा होईपर्यंत' हे शब्द सोडू नका. या प्रकरणात त्यांची किंमत वर्षाला 1,84,350, म्हणजे दिवसाला सुमारे 505 रुपये होती.