वाढत्या मुलाचा कुर्ता आणि शेरवानी

प्रश्न : दिवाळीला शिवलेला कुर्ता-पायजमा सात वर्षांच्या मुलाला पुढच्या दिवाळीलाही यावा, यासाठी माप किती वाढवावे? (नाशिक)

उत्तर : या वयात उंची वर्षाला साधारण दोन ते अडीच इंच वाढते, पण खांदा जेमतेम अर्धा इंच. म्हणून खांदा आणि गळा आजच्याच मापाचे हवेत. सगळाच कपडा एक नंबर मोठा घेतला की खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि मूल थोरल्या भावाचे कपडे घातल्यासारखे दिसते.

वाढ धरायची ती लांबीत. समजा, उंची 48 इंच, छाती 24 इंच आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचे अंतर 26 इंच आहे. कुर्त्याचा तयार घेर 28 इंच ठेवावा, बाजूच्या शिवणीत एकेक इंच माया सोडावी. तयार लांबी 26 इंचच ठेवून खाली दोन इंच जादा कापड आत दुमडावे. बाहीला दीड इंच पुरे. पायजम्याला नाडी आणि पायाशी दोन इंच दुमड असावी. कापड सुती असेल तर शिवण्याआधी भिजवून घ्यावे.

खालच्या काठाला जरी किंवा भरतकाम असले, तर दुमड सोडता येत नाही. रेशमावर जुन्या टाक्यांची भोकेही दिसतात. येवल्याच्या पैठणीचे कापड वापरायचेच, तर ते जाकिटाला वापरावे.

शेरवानीला अस्तर आणि आत कडक कापड असते, मुंढा नंतर मोठा होत नाही. एका लग्नापुरती ती भाड्यानेच आणलेली बरी.